सोळाव्या दिवशी काय बदलतं?

(नागपूरला धरमपेठेतल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आजचा विषय पत्रिकेत छापलाय, 'बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू कशी करावी'. त्यावर मी बोलणारच आहे, पण आधी पॉलिसी बंद पडते कशी, हे सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. विमा कार्यालयात बंद पॉलिसी पुन्हा सुरू करण्याच्या, म्हणजे पुनरुज्जीवनाच्या टेबलावर माझी सगळी नोकरी झाली. त्या टेबलापाशी माणूस आला की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "मॅडम, आमचं तर ऑटोपे आहे!"

बुटीबोरीच्या एका कारखान्यातल्या गृहस्थांची गोष्ट सांगते. पन्नास लाखांचा टर्म प्लॅन, महिन्याला 1,400 रुपये, दर महिन्याच्या 5 तारखेला पगाराच्या खात्यातून कापले जायचे. चार वर्षं एकही हप्ता चुकला नाही. मग कारखान्यानं सगळ्यांचे पगार दुसऱ्या बँकेत नेले. जुनं खातं तसंच राहिलं, थोडे पैसे पडून होते. पगार जमा व्हायचा बंद झाला, तसं बँकेनं ते साधं बचत खातं केलं आणि किमान शिल्लक नाही म्हणून दंड कापायला लागली. फेब्रुवारीचा हप्ता कसाबसा गेला. 5 मार्चला खात्यात 1,380 रुपये होते. वीस रुपये कमी! मॅन्डेट, म्हणजे पैसे कापण्याचा आदेश, परत गेलं, बँकेनं त्याचाही आकार घेतला, म्हणजे शिल्लक आणखी घटली.

संदेश आला असेल ना, असं तुम्ही विचाराल. आला. पण पॉलिसीवर नोंदवलेला मोबाइल नंबर त्यांनी केव्हाच सोडला होता. दिवाळीच्या आधी त्यांच्या पत्नीनं कपाट आवरायला काढलं. त्यात पॉलिसीची फाइल हाती लागली, म्हणून त्यांनी सहज ऑनलाइन पाहिलं, तर स्थिती 'लॅप्स'. माझ्यासमोर येऊन बसल्या तेव्हा त्या एकच प्रश्न विचारत होत्या: "आठ महिने आम्ही उघडेच होतो का हो?" होय. त्या काळात काही झालं असतं, तर त्या टर्म प्लॅनमधून एक रुपयाही मिळाला नसता.

इथं माझं एक म्हणणं आहे आणि ते मला अगदी ठासून सांगायचं आहे. ऑटोपे म्हणजे तुम्ही बँकेला दिलेली पैसे कापण्याची परवानगी. त्या परवानगीला एक ठरावीक खातं असतं, कमाल रक्कम असते आणि शेवटची तारीख असते. यातलं काहीही जुळलं नाही, की हप्ता परत जातो. हप्ता भरण्याची जबाबदारी मात्र तुमचीच राहते.

आता सवलतीचे दिवस, ज्याला आपण ग्रेस पिरियड म्हणतो. वार्षिक, सहामाही, तिमाही हप्ता असेल तर जीवन विम्यात 30 दिवस मिळतात. मासिक असेल तर फक्त 15. आणि ऑटोपे लावणारे बहुतेक लोक सोयीचा म्हणून मासिक हप्ताच घेतात! हे दिवस देय तारखेपासून मोजायचे, संदेश आला त्या दिवसापासून नाही. देय तारीख 5, तर मुदत 20 पर्यंत. पहिला प्रयत्न फसला की कंपनी काही दिवसांनी दुसरा करू शकते, म्हणून लोक वाट पाहत बसतात. राजेहो, वाट पाहू नका! ते दिवस त्या पंधरातूनच जातात.

या पंधरा दिवसांत विमा पूर्ण चालू असतो. 18 तारखेला मृत्यू झाला तर दावा मिळतो. थकलेला हप्ता त्यातून वजा होतो, काही पॉलिसींत त्या वर्षाचे उरलेले हप्तेही. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे, या दिवसांत पैसे भरताना कोणी तुमची साखर विचारत नाही, रक्तदाब विचारत नाही. सोळाव्या दिवसापासून तो प्रश्न विचारण्याचा हक्क कंपनीला मिळतो.

म्हणून कंपनीच्या साइटवर किंवा शाखेत लगेच हातानं भरा आणि पावती ठेवा. "आम्ही भरलं आणि ऑटोपेनंही कापलं तर?" ही भीती मी शेकडो जणांकडून ऐकली. जास्तीचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या हप्त्यात वळते होतात. 1,400 रुपये चार दिवस अडकणं परवडतं. खातं बदललं असेल तर नवं मॅन्डेट द्यावं लागतं आणि ते नोंदवलं जायला दिवस लागतात, तोवर हप्ता हातानंच.

आरोग्य विम्याबद्दल कुणीतरी विचारलं, थोडक्यात सांगते. तिथं वर्षाचे पैसे एकदम भरत असाल, तर सवलतीच्या दिवसांत नूतनीकरण केल्यानं जुना प्रतीक्षाकाळ, म्हणजे काही आजारांचा खर्च मिळण्याआधी थांबायची मुदत, वाया जात नाही, पण त्या मधल्या दिवसांतलं इस्पितळाचं बिल मिळत नाही. हप्त्यानं भरणाऱ्यांना मात्र त्या दिवसांतही संरक्षण असतं.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. पुनरुज्जीवन राहिलंच की! भरभर सांगते.

साध्या जीवन विम्याला पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून पाच वर्षं मुदत आहे, युलिपला, म्हणजे बाजारात गुंतवणूक जोडलेल्या विम्याला, तीन. अर्ज, थकलेले हप्ते, त्यावरचं व्याज आणि प्रकृतीचं घोषणापत्र द्यायचं. कंपनीला वाटलं तर वैद्यकीय तपासणी. आपल्या गृहस्थांचे आठ हप्ते म्हणजे 11,200 रुपये. व्याजाचा दर कंपनीगणिक वेगळा असतो. वर्षाला 9 टक्के धरला, तर सुमारे 380 रुपये. पैशाचं ओझं एवढंच. पण मधल्या काळात त्यांना मधुमेह निघाला होता. त्यांनी घोषणापत्रात तो लिहिला, तपासणी झाली आणि हप्ता 1,400 चा 1,750 झाला. कंपनी नाही म्हणू शकली असती, तेवढा अधिकार तिला आहे.

त्यांनी आजार लपवायला हवा होता का? मुळीच नाही! विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे तीन वर्षं झाली की माहिती लपवल्याच्या कारणानं पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. त्यांची तीन वर्षं पूर्ण झाली होती. पण पुनरुज्जीवन झालं की ती तीन वर्षं त्या तारखेपासून नव्यानं मोजतात. पहिल्या बारा महिन्यांत आत्महत्या झाली तर पूर्ण दावा मिळत नाही, ते बारा महिनेही तसेच नव्यानं मोजतात. लपवलेला मधुमेह त्यांच्या पत्नीच्या दाव्यात उभा राहिला असता.

आणखी एक. पैसे भरले म्हणजे पॉलिसी सुरू झाली असं समजू नका. कंपनीनं मंजुरी कळवली की सुरू. तोवर ते पैसे अनामत असतात. मध्ये काही झालं तर दावा अडतो. म्हणून तपासणीला बोलावलं की त्याच आठवड्यात जा आणि मंजुरीचं पत्र हाती आल्याशिवाय पाठपुरावा सोडू नका.

कंपनीनं अन्याय्य नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही, तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तिथं भागलं नाही तर विमा लोकपाल. नागपूरकरांसाठी ते कार्यालय पुण्याला आहे, तिथं फी लागत नाही, वकील लागत नाही. बँकेचा उतारा, परत गेलेल्या हप्त्याची नोंद आणि पावत्या सोबत जोडा. बोला आता, कुणाची पॉलिसी अडकली आहे?