‘इथून घाला, इकडून काढा’: छोट्या व्हिडिओतला आवाज

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

एका व्हिडिओचा फक्त आवाज तुम्हाला ऐकवते. चित्र दाखवत नाही. पन्नास सेकंदांचा व्हिडिओ आहे, विषय शर्टाचं बटण बसवणं, आणि आवाज माझाच आहे.

“बटण तुटलं? काळजी नको. सुई इथून घाला, इकडून काढा. मध्ये ही ठेवायची विसरू नका. असं चार-पाच वेळा. आता ही काढून टाका आणि दोरा असा गुंडाळा. मागे नेऊन गाठ मारा. बघा, किती छान बसलं!”

यात ‘ही’ म्हणजे काय, कुणाला कळलं? ती काडेपेटीची काडी होती. चित्रात ती स्पष्ट दिसत होती, त्यामुळे तिचं नाव घ्यावं हे मला सुचलंही नाही. माझ्या एका मैत्रिणीला दिसत नाही. शिवणकाम मात्र ती नियमित करते. तिने हा व्हिडिओ ऐकला आणि दोरा ‘असा गुंडाळा’ म्हटल्यावर बटणाच्या कडेभोवती गुंडाळला. मी जे बोलले होते त्यावरून तेच बरोबर होतं. मग तिने विचारलं, “ही ही म्हणतेस ती वस्तू कोणती?” त्या दिवसापासून मी व्हिडिओची संहिता लिहिण्याची पद्धत बदलली, आणि आज तेवढ्याबद्दलच बोलणार आहे.

चित्रपटांसाठी वर्णनाचा वेगळा ध्वनिपट करतात. संवादांच्या मधल्या शांत जागांमध्ये दुसरा आवाज सांगतो की ती दार उघडते, तो मागे वळतो. छोट्या व्हिडिओत हा मार्ग सहसा चालत नाही. शांत जागाच नसतात, आणि दुसरा ध्वनिपट जोडायची सोयही बहुतेकदा नसते. पण आपल्याकडे एक गोष्ट आहे जी चित्रपटाकडे नाही: निवेदन आपलंच असतं. चित्रातली गरजेची माहिती त्याच निवेदनात आली, तर वेगळ्या वर्णनाची गरज उरत नाही. वेबवरच्या सुलभतेसाठीचे डब्ल्यूसीएजी हे आंतरराष्ट्रीय निकषही हेच मानतात. दृश्यातली सगळी माहिती मूळ आवाजातच असेल, तर वर्णनाचा निराळा पट लागत नाही.

मराठीत या कामात आडवे येणारे शब्द मोजकेच आहेत. हे, ही, असं, इथे, इकडे, एवढं. बोलताना आपलं बोट किंवा नजर त्यांचा अर्थ पुरा करते, आणि ऐकणाऱ्याला ते बोट दिसत नाही. मी संहिता लिहून झाली की या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल करते. वर वाचलेल्या ३३ शब्दांत असे सहा गोल झाले. प्रत्येक गोलाच्या जागी वस्तूचं नाव, जागा किंवा माप लिहायचं. बदललेली संहिता अशी:

“निघालेलं बटण बसवू. चार भोकांचं बटण, दुहेरी दोरा, टोकाला गाठ. सुई कापडाच्या उलट बाजूने वर आणा आणि बटणाच्या एका भोकातून बाहेर काढा. आता बटणावर, भोकांच्या मधोमध, काडेपेटीची काडी आडवी ठेवा. काडीवरून पलीकडच्या भोकात सुई खाली घाला. भोकांच्या दोन्ही जोड्यांतून तीन-तीन टाके. काडी ओढून काढा, बटण वर उचला. बटण आणि कापड यांच्यामध्ये ढिले टाके बोटाला लागतील. सुई तिथेच बाहेर काढा आणि दोरा त्या टाक्यांभोवती पाच वेळा गुंडाळा. सुई उलट बाजूला नेऊन गाठ मारा. बटणाखाली दोऱ्याची छोटी दांडी झाली, त्यामुळे जाड पट्टीतही बटण सहज अडकतं.”

शब्द दुपटीहून जास्त झाले. तरी पन्नास सेकंदांत हे बसतं, कारण सावकाश बोलले तरी मिनिटाला एकशेवीसच्या आसपास शब्द होतात. आधी मी ती जागा संगीताने भरत होते. शेवटचं वाक्यही पाहा. ‘किती छान बसलं’ हे माझं मत होतं, दिसणाऱ्याने ते चित्रावरून तपासलं असतं. ‘दोऱ्याची दांडी झाली’ ही माहिती आहे, आणि ती ज्याच्या त्याच्या बोटाला तपासता येते. ज्या गोष्टीची खूण हाताला लागते, तिथे मी ‘दिसेल’ऐवजी ‘लागेल’ लिहिते. ‘बघा’ या शब्दाला मात्र कुणी घाबरू नये. माझी मैत्रीण स्वतःच ‘बघूया’ म्हणते. अडचण त्या शब्दामागे काहीच सांगितलेलं नसण्यात असते.

डावं-उजवं शक्यतो टाळा. कॅमेरा समोर असेल तर माझी डावी बाजू पडद्यावर उजवीकडे येते आणि सगळेच गोंधळतात. ‘उलट बाजूने’, ‘पलीकडच्या भोकात’, ‘कापडाच्या कडेला’ अशी वस्तूलाच धरून जागा सांगितली की ती फिरत नाही. मापांच्या बाबतीत मराठी फार हाताशी आहे: पेरभर, बोटभर, चिमूटभर, वीतभर. सेंटिमीटरची पट्टी न शोधता ऐकणाऱ्याला माप मिळतं.

सगळंच सांगायचं का? नाही. माझ्या मागची भिंत कोणत्या रंगाची आहे याने बटण बसत नाही, म्हणून ती सोडली. दोरा मात्र बटणाच्या रंगाचा घ्यायचा असेल, तर तो रंग हा कामाचा भाग आहे. आवाज स्वतः सांगत असेल तिथेही गप्प राहावं. कात्रीने दोरा कापल्याचा आवाज ओळखू येतो. पण कारण न कळणारा ‘टक’ आवाज आला, तर ते काय होतं हे सांगायलाच हवं, नाहीतर ऐकणारा पुढची दोन वाक्यं त्याच विचारात घालवतो.

थोडं दिसणाऱ्यांचा विचार वेगळा करावा लागतो. त्यांना हात हलताना जाणवतो, सुई दिसत नाही. शब्द कृतीच्या मागे पडले, तर डोळे एक सांगतात आणि कान दुसरं. म्हणून वाक्य कृतीच्या किंचित आधी सुरू व्हावं आणि क्रियापद कृतीबरोबर यावं. ‘काडी आडवी ठेवा’ यातलं ‘ठेवा’ आणि काडी टेकणं एकाच वेळी. हे संकलनात साधत नाही. त्यासाठी संहिता चित्रीकरणाआधी लिहून, ती मोठ्याने म्हणत कृती करावी लागते. पंधरा सेकंदांत घाईने कापलेल्या व्हिडिओवर नंतर वर्णन चढवायला गेलं तर शब्दांना जागाच मिळत नाही, आणि मग माणसं बोलण्याचा वेग वाढवतात. हा सगळ्यात वाईट उपाय.

पडद्यावरचा मजकूरही वाचून दाखवा. चित्रात उमटवलेली अक्षरं फोनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला सहसा मिळत नाहीत, त्याच्या दृष्टीने ते फक्त चित्र असतं. शिवाय व्हिडिओ सुरू होताना स्क्रीन रीडर बऱ्याचदा शीर्षक वाचत असतो, म्हणून पहिल्या सेकंदात महत्त्वाचं नाव घेऊ नका. तिथे नुसता आवाज असू दे किंवा ‘निघालेलं बटण’ हे शब्द पुढे पुन्हा येऊ देत.

डोळे मिटून स्वतःचा व्हिडिओ तपासायचा सल्ला सगळे देतात. मला तो अपुरा वाटतो, कारण चित्र आपल्या डोक्यात आधीच असतं आणि गाळलेल्या जागा ते भरून काढतं. चित्र न पाहिलेल्या माणसाला फक्त आवाज द्या आणि वस्तू हातात देऊन काम करू द्या. दिसत नसलेल्या माणसाने ते केलं तर उत्तम. मध्ये बोलू नका. हात जिथे थांबतो तिथे वाक्य कमी पडलं आहे.

नवा आवाज घेऊन मी मैत्रिणीकडे गेले. काडी, टाके, दांडी सगळं नीट झालं. पण सहाव्या टाक्यालाच तिचा दोरा संपला. दांडीसाठी तिने दुसरा दोरा ओवला आणि मग विचारलं, “दोरा किती घ्यायचा होता?” चित्रात मी रीळ धरून दोरा लांब ओढताना दिसते. तेवढं सांगायचं राहिलं होतं. ‘दुहेरी दोरा’च्या आधी मी आता ‘दोन हात लांब’ असं म्हणते.