दोन टेबलं, दोन पेन्शनी

2023 च्या मार्चमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा तुम्ही ऐकली असेल. त्या घोषणेमागचं गणित आज मांडतो.

एकाच कचेरीत शेजारशेजारच्या टेबलांवर दोघे बसतात. एक 2004 साली लागला, दुसरा 2007 साली. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 ही रेघ दोघांच्या मधून जाते: तिच्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन, नंतर लागलेल्यांना नवी राष्ट्रीय पेन्शन योजना. समजा, निवृत्त होताना दोघांचंही मूळ वेतन 60 हजार आहे.

पहिल्याची पेन्शन त्याच्या निम्मी, म्हणजे 30 हजार, आणि वर महागाई भत्ता. शेअर बाजार पडो की व्याजदर उतरोत, त्याला विचारायचं कारण नाही. आता गंमत पाहा. या पेन्शनीसाठी कुठे निधी साठवलेलाच नसतो. त्या त्या वर्षीच्या अर्थसंकल्पातून ती दिली जाते. म्हणजे गुंतवणूकच नाही, तर तिची जोखीम तरी कुठली? पण रक्कम देण्याचा शब्द सरकारचा आहे. हा माणूस नव्वदी ओलांडून जगला तरी बोजा तिजोरीवरच, म्हणजे पुढच्या करदात्यांवर.

दुसऱ्याच्या पगारातून दरमहा दहा टक्के कापले जातात, सरकार आपला वाटा घालतं. सरकारचा शब्द इथे संपतो. शेवटी किती मिळेल, हे कुणीच सांगितलेलं नाही. समजा खात्यात 50 लाख साठले. किमान चाळीस टक्के, म्हणजे 20 लाखांची अ‍ॅन्युइटी विमा कंपनीकडून घ्यावीच लागते; एकरकमी पैसे द्यायचे आणि जन्मभर दरमहा ठरलेली रक्कम घ्यायची. दर सहा टक्के मिळाला, तर महिन्याला 10 हजार. उरलेले 30 लाख हातात येतात. तेही सहा टक्क्यांनी ठेवले तर आणखी 15 हजार. पण ते कुठे ठेवायचे, ही डोकेदुखी आता त्याची.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षात निधी दहा टक्क्यांनी घसरला, तर 50 चे 45 लाख होतात आणि 10 हजारांचे 9 हजार. तरुणपणी अशी घसरण भरून निघते, अठ्ठावन्नाव्या वर्षी भरून निघायला वेळच उरत नाही. लोक बाजाराला घाबरतात, पण दुसरा धक्का गुपचूप बसतो. निधी शाबूत असला तरी त्या दिवशीचा अ‍ॅन्युइटीचा दर सहाऐवजी पाच टक्के असेल, तर 10 हजारांचे 8,333 होतात, आणि तेही जन्मभरासाठी. दीर्घायुष्याची जोखीम विमा कंपनी उचलते खरी, पण नेहमीच्या अ‍ॅन्युइटीत महागाई भत्ता नसतो. पहिल्याची पेन्शन भत्त्याबरोबर वाढत राहते. दुसऱ्याचे 10 हजार वीस वर्षांनीही 10 हजारच.

2025 च्या एप्रिलपासून केंद्राने आणलेल्या एकीकृत योजनेत दोन्हींचा मेळ आहे. कर्मचाऱ्याची कपात चालूच राहते, पण पंचवीस वर्षं सेवा झाली असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या पेन्शनीची हमी मिळते. निधी कमी पडला तर? तो खड्डा पुन्हा सरकारनेच भरायचा.