पंचावन्न की पस्तीस?

मंडळी, विषय तुम्हाला माहीत आहे: दहावीच्या त्रिकोणमितीतली उंची आणि अंतरे. तुम्ही सगळे हा धडा शिकवता, म्हणून उन्नत कोन म्हणजे काय हे मी सांगत बसत नाही. दोन जागांवरून उंची कशी काढायची, हे आज सांगेन असं मी संयोजकांना कबूल केलं आहे. पण त्याआधी आमच्या शाळेच्या इमारतीची गोष्ट सांगू द्या.

साहित्य अगदी घरगुती आहे. कंपासपेटीतला कोनमापक पुठ्ठ्यावर चिकटवायचा. त्याच्या ०-१८० रेषेला समांतर अशी शहाळ्याची जाड स्ट्रॉ लावायची आणि मध्यबिंदूतून दोरा ओवून त्याला नट बांधायचा. झाला क्लायनोमीटर. इथेच पहिली चूक होते. प्लॅस्टिकच्या बऱ्याच कोनमापकांत शून्याची रेषा कडेच्या थोडी वर असते. मुलं दोरा कडेतून सोडतात आणि सगळी वाचनं बिघडतात. दोरा रेषेवरच्या मध्यबिंदूतूनच हवा.

तर एका गटाने इमारतीपासून टेपने १० मीटर मोजले आणि कठड्याच्या वरच्या कडेवर नेम धरला. दोरा थांबला ५५ वर. १० गुणिले टॅन ५५ म्हणजे १४.२८. डोळ्याची उंची १.४ मीटर मिळवली, हेही त्यांच्या लक्षात होतं, त्याचं मला कौतुक वाटलं. उत्तर आलं १५.७ मीटर.

मी चूक दाखवली नाही. एवढंच विचारलं, "पंधरा मीटर म्हणजे किती मजले गं?" एक मुलगी काही न बोलता जिन्याकडे गेली. पट्टीने एका पायरीची उंची मोजली, १५ सेंटिमीटर. मग गच्चीपर्यंतच्या पायऱ्या मोजत वर गेली. त्या भरल्या ४८, म्हणजे ७.२ मीटर. वर कठडा १.२ मीटरचा. खाली येऊन म्हणाली, "सर, आपली शाळा ८.४ मीटरच आहे. दोरा खोटं बोलतोय."

दोरा खरंच बोलत होता. स्ट्रॉ आडवी धरली तर दोरा ९० वर असतो. ती ३५ अंश वर उचलली की दोरा ५५ वर येतो. म्हणजे उन्नत कोन ९० वजा ५५, अर्थात ३५. टॅन ३५ म्हणजे ०.७, गुणिले १० म्हणजे ७, अधिक १.४. आले ८.४! हे मी फळ्यावर आधीच लिहून दिलं असतं, तर त्या मुलीने पायऱ्या मोजल्या नसत्या. म्हणून माझं म्हणणं आहे की धडा नंतर घ्यावा, मोजणी आधी.

वारा असेल तर नट हलत राहतो. पुठ्ठा तिरका धरला तर दोरा त्याला घासतो आणि अडकतो, म्हणून वाचन घेण्याआधी नटाला हलकी टिचकी मारायला सांगा. एकाने नेम धरायचा, दुसऱ्याने वाचायचं, तिसऱ्याने लिहायचं. एवढं करूनही एका अंशाची चूक होतेच. त्या इमारतीसाठी ती चूक ७ मीटरवरून, म्हणजे कोन ४५ च्या आसपास असताना, २५ सेंटिमीटरची ठरते. ३ मीटरवरून ती ३५ होते आणि २० मीटरवरून जवळपास ४०. कुठे उभं राहायचं, हे मुलांना यातूनच कळतं.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा कबूल केलेलं आता भराभर सांगतो.

पाण्याची टाकी कुंपणापलीकडे असेल तर पायथ्यापर्यंतचं अंतर मोजता येत नाही. अशा वेळी कुंपणापाशी कोन घ्यायचा, समजा ४५ आला. मग टाकीच्याच रेषेत सरळ मागे ८ मीटर जाऊन पुन्हा घ्यायचा, समजा ३१. डोळ्यापासून वरची उंची म्हणजे ८ भागिले (कॉट ३१ वजा कॉट ४५). कॉट ३१ म्हणजे १.६६४, त्यातून १ गेला, उत्तर सुमारे १२ मीटर. १.४ मिळवले की टाकी १३.४ मीटरची. एव्हरेस्टचा पायथासुद्धा टेपने कुणी गाठला नव्हता. दीडशे ते दोनशे किलोमीटरवरच्या मैदानातल्या अनेक ठाण्यांवरून कोन घेऊन २९,००२ फूट ही उंची काढली आणि १८५६ मध्ये जाहीर केली.

पण इथे चूक फार महाग पडते. ३१ च्या जागी ३० वाचलं, तर १२ चे १०.९ होतात, म्हणजे एका अंशात मीटरभर फरक. म्हणून या मोजणीत प्रत्येक जागी पाच वेगवेगळ्या मुलांनी वाचन घ्यावं. वेगळं पडलेलं वाचन खोडू नका, ते पुन्हा घ्यायला लावा आणि मग सरासरी काढा. मी पुठ्ठे आणि दोरा आणले आहेत. चहा झाल्यावर आपण बाहेर जाऊन या सभागृहाचीच उंची काढू.