क्रीम फुलतच नाही, काय करू?

नमस्कार मंडळी. आज जरा किचनमधली गोष्ट. मे महिन्यात भाचीचा वाढदिवस होता, केक घरीच करायचा ठरलं, स्पाँज मस्त झाला आणि मी क्रीम बीट करायला घेतलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली, बीटर हातात गरम व्हायला लागला आणि भांड्यात नुसतं फेसाळलेलं दूध. शेवटी वैतागून टेट्रापॅक उलटा करून बारीक अक्षरं वाचली तर त्यावर फॅट २५ टक्के लिहिलेलं. आता तासभर फिरवलं असतं तरी काही झालं नसतं.

कारण असं बघा, क्रीम म्हणजे पाण्यात तरंगणारे तुपाचे अगदी बारीक थेंब. आपण बीट करतो तेव्हा आत हवेचे बुडबुडे शिरतात आणि हे थेंब एकमेकांवर आपटून अर्धवट चिकटतात आणि प्रत्येक बुडबुड्याभोवती भिंत बांधतात. थेंबच कमी असले तर भिंत पुरी होत नाही, बुडबुडा फुटतो, संपलं. म्हणून पॅकवर निदान ३० टक्के फॅट हवंच, आणि ३५च्या आसपास असेल तर काम फार सोपं होतं. ३० वालं फुलतं, पण ते नाजूक असतं आणि केकवर फार वेळ तग धरत नाही. २५ वालं ‘फ्रेश क्रीम’ भाजीत घाला, फ्रूट सॅलडमध्ये घाला, केकच्या नादी लागू नका. आणि हो, बेकरीच्या दुकानात फ्रोझन मिळतं ते पांढरंशुभ्र गोड व्हिप टॉपिंग बरेचदा दुधाचं नसतंच, वनस्पती तेलाचं असतं, त्याचं गणित वेगळं, आज मी डेअरी क्रीमबद्दलच बोलतेय.

बरं, पुढच्या वेळी मी ३५ टक्केवालं आणलं, दोन तास फ्रीजमध्ये ठेवलं आणि तरी पातळच! इथे माझी चूक अशी की पॅक हाताला गार लागला म्हणजे झालं असं मी धरलं. पण भिंत बांधायला ते थेंब थोडे घट्ट झालेले लागतात, आणि वरचं पाणी पटकन गार झालं तरी आतली चरबी सावकाश थिजते. म्हणून पॅक आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये, चार-पाच डिग्रीला, मागच्या बाजूला ठेवायचा, दारात नाही. फ्रीजरचा शॉर्टकट पण नको, बर्फ धरला की थेंब फाटतात आणि क्रीम रवाळ होतं. स्टीलचं भांडं आणि बीटरच्या काड्या मात्र वीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात भांड्याखाली बर्फाच्या पाण्याची परात घ्याच, कारण क्रीम दहा डिग्रीच्या वर गेलं की रुसायला लागतं आणि ओट्यावर ते तिथे पोचायला फार वेळ लागत नाही.

तिसऱ्या वेळी सगळं बरोबर केलं. कमी स्पीडवर सुरू केलं, मग मध्यम, बीटरच्या रेघा दिसायला लागल्यावर पिठीसाखर घातली, काडी उचलली तर शेंडा उभा राहून हळूच वाकला. इथून पुढे डोळे भांड्यावरच हवेत. पण तेवढ्यात फोन वाजला, मी एका हाताने फोन घेतला, दुसऱ्या हाताने बीटर चालूच, आणि अर्ध्या मिनिटात क्रीमची चकाकी गेली, कडा खरखरीत दिसायला लागल्या, रंग किंचित पिवळसर.

तिथेच थांबले असते तर वाचलं असतं. अशा वेळी दोन-तीन चमचे थंडगार पातळ क्रीम घालून चमच्याने हलक्या हाताने मिसळायचं, बीटर नाही लावायचा, बऱ्याचदा ते परत मऊ होतं. मी मात्र ‘अजून जरासं’ म्हणत राहिले आणि खाली पाणी सुटलं, वर गोळे. भिंत बांधणारे थेंब एकमेकांना इतके चिकटले की बुडबुडे ढासळले आणि लोणी वेगळं झालं. आजी रवीने हेच तर करायची, आणि उन्हाळ्यात लोणी मऊ पडून गोळा होईना की बर्फाचा खडा टाकायची.

गोळे सुटल्यावर मात्र परत फिरता येत नाही. मग मी बीटर चालूच ठेवला, लोणी गाळून घेतलं, गार पाण्यात दोनदा धुतलं. त्याचं तूप कढवायच्या भानगडीत पडले नाही, कारण आत साखर गेलेली होती, थोडी जरी राहिली तरी तळाला करपते. तसंच ब्रेडला लावलं, मुलांनी पाच मिनिटांत संपवलं, आणि केकवर त्या दिवशी जॅम लागला.