चार माणसं, दोन रात्री आणि किलोभर कणीक

नमस्कार मंडळी. सुट्ट्या लागल्या की पुण्याहून जम्मूला, वैष्णोदेवीला जाणाऱ्यांची गर्दी सुरू होते आणि घराघरात एकच प्रश्न पडतो, गाडीत खायला किती न्यायचं? आज मी तेवढंच बोलणार आहे, माणशी दिवसाला किती, आणि तेही फ्रीज नसताना, म्हणजे सकाळी भरलेला डबा दुसऱ्या दिवशी दुपारी उघडायचा आहे हे धरून.

उदाहरणाला आपली झेलम एक्सप्रेसच घेऊ. पुण्याहून संध्याकाळी सुटते, दौंड, मनमाड, भुसावळ करत रात्रीतून मध्य प्रदेशात शिरते, दुसरा अख्खा दिवस भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा असा जातो, रात्री दिल्ली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जम्मू. वेळेवर असली तर साधारण 40 तास. आता आपण घरात काय म्हणतो, "दोन दिवसांचा प्रवास आहे, दोन दिवसांचं घे". इथेच हिशोब चुकतो, कारण दिवस मोजायचेच नाहीत, जेवणाच्या वेळा मोजायच्या. पहिल्या रात्रीचं जेवण, दुसऱ्या दिवशीचा नाश्ता, दुपारचं जेवण, संध्याकाळचं तोंडात टाकायला, रात्रीचं जेवण आणि तिसऱ्या दिवशीचा नाश्ता. पाच वेळा पोटभर आणि एकदा थोडंसं, बस्स. दिवसांवर गेलात की हमखास दीडपट भरलं जातं, आणि जास्तीचं जे उरतं तेच शिळं होऊन "टाकायचं कशाला" म्हणून कोणीतरी खातं आणि तेच बाधतं.

मग माणशी किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला साधारण 2100 कॅलरी लागतात आणि बाईला साधारण 1650 च्या आसपास. गाडीत आपण बसून किंवा आडवेच असतो, म्हणजे याच्यापेक्षा जास्त लागायचं काहीच कारण नाही. हे ताटात कसं दिसतं तर मोठ्या माणसाला 24 तासांत आठ पोळ्या किंवा दशम्या (एका पोळीला 30 ग्रॅम कणीक धरा, घडीची मध्यम पोळी), दोन-तीन चमचे शेंगदाण्याची चटणी, एक मोठी मूठभर चिवडा, एक लाडू, दोन केळी आणि स्टेशनवरचे दोन-तीन चहा. एवढ्यात 2000 कॅलरीच्या आसपास होतात, कोणी उपाशी राहत नाही. वजनात लक्षात ठेवायचं तर मोठ्या माणसाला दिवसाला अर्धा किलो कोरडा डबा आणि पाव किलो फळं. आजी-आजोबांना आणि आठ-दहा वर्षांच्या मुलांना याच्या दोन तृतीयांश पुरतं.

आता हेच एका घरासाठी करून बघू. आई, बाबा, सत्तरीची आजी आणि नऊ वर्षांचा मुलगा. एका जेवणाला आईबाबांना तीन तीन, आजीला दोन, मुलाला दोन, म्हणजे दहा पोळ्या. पहिल्या रात्रीला दहा साध्या पोळ्या, दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तिखटमिठाच्या 14 पुऱ्या (दोन पुऱ्यांची एक पोळी धरायची), दुपारी दहा दशम्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माणशी एक गुळपोळी, शिवाय हाताशी अजून चार गुळपोळ्या. ही सगळी कणीक मोजा, एक किलोच्या जेमतेम वर जाते. चार माणसांना, दोन रात्रींच्या प्रवासाला, किलोभर कणीक! दुसऱ्या रात्रीचं जेवण यात मुद्दाम धरलेलं नाही, त्याचं पुढे सांगते.

हा क्रम मी असाच का लावला तेही सांगते, कारण किती न्यायचं हे काय टिकतं यावरच ठरतं. जितकं पाणी जास्त तितकं अन्न लवकर जातं. साधी पोळी पाण्यात भिजवलेली असते म्हणून ती पहिल्या रात्री संपवायची. पुरी तळलेली, तिच्यात पाणी कमी, ती दुसऱ्या दिवशी सकाळी छान असते. दशमीची कणीक दुधात भिजवतात, पाण्याचा थेंब घालत नाहीत, तेलाचं मोहन घालतात आणि मंद आचेवर पूर्ण कोरडी भाजतात, म्हणून ती मऊ राहते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खायला बरी. पण मे महिन्यात स्लीपरच्या डब्यात ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या पुढे ठेवू नका, कारण झाशी-ग्वाल्हेरच्या पट्ट्यात दुपारी डबा नुसता तापलेला असतो. गुळपोळीत गूळ, तीळ आणि तूप, पाणी जवळजवळ नाहीच, ती आठवडाभर टिकते म्हणून शेवटी.

एसीत बसणाऱ्यांना एक सांगते. एसी डब्यात आपल्याला गार वाटतं म्हणून अन्नालाही गार वाटत असेल असं समजू नका. तिथे 23-24 डिग्री असतं आणि जंतूंची वाढ खऱ्या अर्थाने मंदावते ती 5 डिग्रीच्या खाली. स्लीपरपेक्षा थोडा वेळ जास्त मिळतो इतकंच, एसी म्हणजे फ्रीज नाही.

बटाट्याच्या भाजीबद्दल लोक रागावतील माझ्यावर, पण ऐका. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे की शिजवलेलं अन्न बाहेरच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. कोरड्या दशमी-पुरीला आपली जुनी रीत थोडी सवलत देते ती त्यांच्यात पाणी कमी असतं म्हणून, भाजीत ते भरपूर असतं. त्यामुळे न्यायचीच असेल तर घरातून निघायच्या अगदी आधी करायची, कांदा, टोमॅटो, ओलं खोबरं, कोथिंबीर काहीही न घालता, नुसती हिंग-हळद-मिरचीची, ताटात पसरून गार करून भरायची, चौघांना अर्धा किलो बटाटे पुरतात, आणि दौंड मागे पडलं की डबा उघडून संपवायची. उरली तर सरळ टाकायची, "सकाळी पुरीबरोबर होईल" म्हणून झाकून ठेवायची नाही. मे महिना असेल तर मी म्हणेन भाजी नेऊच नका, लोणचं आणि चटणी घ्या.

दहीभात आणि पुलाव तर नकोच. भातात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू असतात, त्यांचे बीजाणू भात शिजताना मरत नाहीत, मग भात कोमट राहिला की ते वाढतात आणि एक विष तयार करतात जे परत गरम करूनही जात नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू, आणि त्या चालत्या गाडीत, माणसांनी भरलेल्या डब्यात, लहान मूल सोबत असताना. वासाला हा भात अगदी चांगला लागू शकतो, म्हणून वास घेऊन ठरवू नका, वेळ बघून ठरवा.

बाकी पदार्थांचं मात्र दिसतं. डब्याचं झाकण उघडल्यावर आतून पाण्याचे थेंब दिसले तर समजा पोळ्या गरमच भरल्या होत्या, आणि त्या आधी खराब होणार. पोळी मोडताना बारीक तार सुटली, बोटाला चिकट लागली किंवा आंबूस वास आला तर तो थर काढून बाकीचं खायचं असं करू नका, ती अख्खी चवड गेली. चटणी खवट लागली तर शेंगदाणे जुने होते. हे टाळायचं असेल तर प्रत्येक पोळी तव्यावरून काढली की सुती फडक्यावर किंवा जाळीवर वेगळी पसरायची, एकावर एक नाही, हाताच्या मागच्या बाजूला अजिबात ऊब लागेनाशी झाली की मगच रचायची आणि कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई अन्नाला लागते.

आणि एकच मोठा डबा करू नका! प्रत्येक वेळेचं वेगळं पुडकं किंवा वेगळा छोटा डबा, वर चिठ्ठी, "शनिवार दुपार" वगैरे. याचं कारण हात. गाडीच्या दांड्याला, खिडकीला लागलेला हात मोठ्या डब्यात पाच वेळा गेला की पाचव्या वेळचं जेवण त्या हातांचं झालेलं असतं. छोटा डबा एकदाच उघडतो आणि संपतो. शिवाय कोणाला किती मिळालं हेही आपोआप दिसतं, आजीने एकच दशमी खाल्ली हे लगेच कळतं.

आता दुसरी रात्र. तोपर्यंत घरचं सगळं 30 तासांच्या पुढे गेलेलं असतं, म्हणून ते एक जेवण विकतचं, पण गरम, हाताला चटका बसेल असं गरम. पॅन्ट्रीतून घ्या किंवा ई-कॅटरिंगवर पुढच्या मोठ्या स्टेशनसाठी ऑर्डर करा, डाळ-भात किंवा पोळी-भाजी, आल्या आल्या खा. चौघांना तीन प्लेट पुरतात, चार मागवल्या की भात उरतोच. नाहीच मिळालं तर हाताशी ठेवलेलं सामान निघतं, त्या चार गुळपोळ्या, पाव किलो भडंग, पाव किलो फुटाणे आणि थोडे खाकरे. हेच सामान गाडी लेट झाली तरी कामाला येतं, उत्तरेत हिवाळ्यात धुक्याने गाड्या तासन् तास उभ्या राहतात, तेव्हा हे दुप्पट घ्या. घरात कोणी इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेत असेल तर त्यांचे फुटाणे आणि खाकरे वेगळ्या पिशवीत, त्यांच्याच उशाशी, कारण औषध घेतलंय आणि खायला काही नाही ही वेळ येताच कामा नये.

पाण्याचं सांगून थांबते, कारण हा सगळा कोरडा आणि खारट डबा पाणी मागतो. उन्हाळ्यात स्लीपरमध्ये मोठ्या माणसाला दिवसाला तीन लिटर, मुलाला दीड ते दोन. चौघांचं दिवसाचं दहा-अकरा लिटर होतं, ते सगळं उचलून नेऊ नका, चार लिटर घरून घ्या आणि भुसावळ, भोपाळ, झाशी अशा मोठ्या स्टेशनांवर सीलबंद बाटल्या घेत जा, सील उघडताना कटकन आवाज आला पाहिजे. बायका, विशेषतः आजी, टॉयलेटला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात, त्यांची बाटली वेगळी ठेवा आणि दुपारपर्यंत किती संपली ते बघा. सोबत काकडी अख्खी न्या, खाताना कापा, केळी थोडी कच्चट घ्या म्हणजे दुसऱ्या दिवशी पिकतील, आणि मोसंबी माणशी दोन.