पांढरं झालं म्हणजे कोरडं झालं?

मुशीतली ही निळी पूड म्हणजे मोरचूद, अर्थात कॉपर सल्फेट. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी चुन्याबरोबर वापरतात, तेच. दिसायला अगदी कोरडं, पण त्याच्या वजनात एक तृतीयांशाहून जास्त पाणी आहे. हे स्फटिकजल. स्फटिकाच्या घडणीतच ते ठरलेल्या प्रमाणात बसलेलं असतं, आणि ते प्रमाण नुसत्या तराजूने काढता येतं.

रिकामी मूस भरली २४.३१ ग्रॅम, मोरचुदासकट २६.८१. म्हणजे मोरचूद अडीच ग्रॅम. खडे आधी खलात बारीक करून घेतलेत. मोठे खडे तापले की तडतडून बाहेर उडतात, आणि उडालेला प्रत्येक कण हिशेबात पाणी म्हणून धरला जातो.

आच मंद ठेवली आहे. बघा, तळाची पूड आधी फिकी पडतेय. हळूहळू निळाई ओसरते आणि सगळं पांढरट दिसू लागतं. फसायला होतं ते इथेच. कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे असलेल्या पाण्याच्या पाच रेणूंपैकी चार साधारण ११० अंश सेल्सियसपर्यंत निघून जातात, पण पाचवा २०० अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय सुटत नाही. आणि तो एक रेणू धरून बसलेलं मोरचूदही जवळजवळ पांढरंच दिसतं! रंगावर विसंबून इथे थांबलो, तर घट भरेल फक्त ०.७२ ग्रॅम, आणि पाचऐवजी उत्तर येईल ३.६.

म्हणून आणखी तापवायचं. मूस थंड करायची ती डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, कारण उघड्यावर ही पूड हवेतली ओल परत ओढून घेते. वजन आलं २५.९४. पुन्हा तापवून, थंड करून २५.९१. आणखी एकदा तापवलं, तरी २५.९१. लागोपाठ दोनदा तेच वजन आलं, म्हणजे आता पाणी संपलं.

पण बर्नर मोठा करून घाई करू नका. आच फार वाढली तर सल्फेटच फुटतं, सल्फरचे ऑक्साइड वायू उडून जातात आणि मागे काळं कॉपर ऑक्साइड उरतं. तराजूला वायू आणि वाफ यातला फरक कळत नाही, त्यामुळे उत्तर पाचाच्या वर जातं. काळे ठिपके दिसले, की तो नमुना टाकून नव्याने सुरुवात करायची.

आता हिशेब. गेलेलं पाणी ०.९० ग्रॅम. त्याला पाण्याच्या एका मोलच्या वजनाने, म्हणजे १८ ने भागलं, ०.०५०० मोल. उरलेलं निर्जल कॉपर सल्फेट १.६० ग्रॅम. त्याला त्याच्या एका मोलच्या वजनाने, म्हणजे १५९.६ ने भागलं, ०.०१००३ मोल. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ४.९९.

सूत्र ठरलं: CuSO₄·5H₂O. वजनात शतांश ग्रॅमची चूक झाली असती, तर उत्तर ४.९ किंवा ५.१ आलं असतं. जवळचा पूर्णांक तेव्हाही पाचच.