भाकरीला करपा, ९१ टक्के

नमस्कार मंडळी, कलमांची फवारणी-बिवारणी आटपून रेडिओ लावला असाल तर पाच मिनिटं द्या, कारण आजची गोष्ट आपल्या कलमांचीच आहे, आणि मोबाईलमधल्या त्या एआयचीही.

गेल्या डिसेंबरात मोहर यायच्या आधी मी देवगडकडे माझ्या चुलतभावाकडे गेले होते. त्याची बाग रस्त्याला लागून, आणि पुढे चिरेखाण, म्हणजे दिवसभर डंपरची ये-जा. (वर ताडपत्री टाकायला काय जातं यांचं, मला कळत नाही, शाळेतली पोरं तीच धूळ खात चालतात.) तर भावानं नवीन अ‍ॅप घेतलं होतं, पानाचा फोटो काढला की रोग सांगणारं. त्यानं गडग्याजवळच्या कलमाचं पान धरलं, फोटो काढला, आणि स्क्रीनवर आलं: तांबेरा, ९६ टक्के. भाऊ घाबरला, लगेच कॉपरचं औषध आणायला बाईकची चावी घेऊन निघाला, तेवढ्यात काकी विहिरीवरून आली, तिनं तेच पान हातात घेतलं, ओल्या अंगठ्यानं पुसलं, आणि पान हिरवंगार! अंगठा मात्र लाल. काकी म्हणाली, "अरे, ह्यो तांबेरो नाय, ही चिऱ्याची धूळ आसा."

खरा तांबेरा असा पुसून जात नाही हो, तो पानाला चिकटून वाढतो, गंजासारखे ठिपके दिसतात.

पण पुढची गंमत ऐका. भाचा आठवीत आहे, त्याला चेव आला. चुलीवर काकीची तांदळाची भाकरी होती, एका बाजूनं जरा काळी पडलेली, त्यानं तिचा फोटो काढला. उत्तर आलं: करपा, ९१ टक्के! सगळं घर हसलं, काकी म्हणाली, "करापली हा खरी." मग त्यानं पडवीतल्या चपलेचा काढला, तिलाही रोग निघाला. एकदाही ते अ‍ॅप म्हणालं नाही की बाबा, हे पान नाही, मला माहीत नाही.

का म्हणालं नाही? तर ते त्याला शिकवलेलंच नाही. असं अ‍ॅप बनवताना हजारो फोटो दाखवतात, प्रत्येकावर नाव चिकटवलेलं असतं, हा करपा, ही भुरी, हे निरोगी पान. त्यातून कुठले रंग, कुठले डाग कुठल्या नावाबरोबर येतात एवढं ते धरून ठेवतं. झाड म्हणजे काय, धूळ म्हणजे काय, त्याला पत्ता नसतो. मग नवा फोटो आला की यादीतल्या प्रत्येक नावाला थोडे गुण देतं आणि त्या गुणांची शंभरात वाटणी करतं. समजा आंब्याची एक पेटी आहे आणि वाटणीला पाचच भाऊ, तर पेटी त्या पाचांतच संपवायची, आंबे खरं तर शेजाऱ्याचे असले तरी. ९६ टक्के म्हणजे यादीतल्या बाकीच्यांपेक्षा तांबेऱ्याच्या वाट्याला जास्त आलं, एवढंच. ९६ टक्के म्हणजे खात्री नव्हे. परत सांगते, खात्री नव्हे. काही अ‍ॅपवाले 'हे पान वाटत नाही' असा वेगळा खण ठेवतात, ते बरं करतात, पण आमच्या भावाच्या अ‍ॅपमध्ये तो नव्हता.

आणि हे फक्त आमच्याच पडवीत घडलं असं नाही. २०१६ साली परदेशातल्या तीन संशोधकांनी चौपन्न हजारांवर पानांचे फोटो वापरून असंच शिकवलं होतं, १४ पिकं, २६ रोग. पानं तोडून, साध्या एकरंगी पाटावर ठेवून काढलेले फोटो. त्यातलेच बाजूला ठेवलेले फोटो दाखवले तर ९९ टक्क्यांवर बरोबर, आणि वेगळ्या ठिकाणचे, वेगळ्या उजेडातले फोटो दाखवले तर ३१ टक्क्यांवर आलं, हे त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे छापलंय. त्या १४ पिकांत आंबा नव्हता. म्हणून कुणी ९९ टक्के म्हणून अ‍ॅप दाखवलं की मी आधी विचारते, फोटो कुठल्या बागेतले, आणि आपल्या लाल मातीतले किती?

अ‍ॅप टाकून द्या असं मी म्हणत नाही, पान कधी बघायचं याची आठवण ते करून देतं. पण पान पुसून दुसरा फोटो काढा, मग पान उलटं करून तिसरा. दर वेळी नाव बदललं तर त्या टक्क्यांवर औषध आणू नका, दुकानदार कितीही घाई करू दे, फांदीच घेऊन सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांकडे जा.

भावानं त्या दिवशी बाईकची चावी परत खुंटीला लावली, आणि संध्याकाळी पंपात नुसतं पाणी भरून रस्त्याकडची कलमं धुतली.